खाला हजला जातात तेव्हा

दोन महिन्यांपूर्वी एका वाचक भगिनीने कथा पाठवली. तिच्या परवानगीने आज त्या कथेबद्दलच लिहितो. नाव छापू नका, असे तिने बजावले आहे, म्हणून छापत नाही.

कथा साधी आहे. गल्लीतल्या जुबेदाखाला बायकांचे कपडे शिवतात. बारावीनंतर शिक्षण थांबलेली नसीम त्यांच्याकडे शिकायला येते. काज-बटणापासून सुरुवात, मग अस्तर, मग बाही. खाला कापड कापतात, नसीम शिवते. दोन वर्षे गेली तरी कैची काही तिच्या हातात येत नाही. पुढे मोहल्ल्यातल्या एका लग्नाचे काम येते. वधूसाठी डाळिंबी मखमलीचा, पुढून उघडा, घोट्यापर्यंत लांब कुर्ता शिवायचा असतो. मखमल वधूच्या मामांनी दुबईहून पाठवलेली. तसा तुकडा पुन्हा मिळायचा नाही. नेमक्या त्याच दिवशी खालांना ताप भरतो. नसीम खडूने आखणी करते, कैची उचलते, आणि तेवढ्यात खाला शाल गुंडाळून दारात येतात. ‘थांब बेटा, लव उलटी आहे.’ नसीम थांबते. खाला आखणी दुरुस्त करून देतात, कुर्ता सुरेख होतो, सगळे खूश.

कथा वाचताना मला खाला फार आवडल्या. पण शेवटचे पान उलटल्यावर मी स्वतःला विचारले, या कथेत नसीमने केले काय? तिने चूक केली आणि ती दुसऱ्याने सुधारली. पहिल्या पानावर ती दोरा ओवून देणारी मुलगी होती, शेवटच्या पानावरही तीच आहे. लेखिकेला मात्र ‘नसीम मोठी झाली’ हेच सांगायचे होते, कारण कथेचे नावच तिने ‘कैची’ असे ठेवले होते.

मी तिला कळवले, खाला त्या दारात यायला नकोत. पंधरा दिवसांनी सुधारलेली कथा आली. तिच्यात खालांचा इंतकाल झालेला होता.

हसू नका. हे आपण सगळेच करतो. माझ्या पहिल्या कथेत एक उस्ताद होते. त्यांचे काय करावे हे सुचेना, तेव्हा मी त्यांना ट्रकखाली घातले. संपादकांनी समासात लिहिले होते, ‘हे गेले नाहीत, तुम्ही घालवले.’ मृत्यूने शिकवणारा कथेतून जातो, हे खरे. पण त्याच्याबरोबर कथेची दिशाही जाते. नसीमसमोर प्रश्न होता, हे कापड कसे कापू? खाला गेल्यावर प्रश्न उरतो, हे दुःख कसे सोसू? दुसऱ्या खर्ड्यात नेमके तेच झाले. चार पाने रडण्यात गेली. मखमल कोपऱ्यात पडून राहिली, आणि ती कापायची वेळ आली तेव्हा वाचकाला मखमलीत रस उरला नव्हता.

म्हणून मी तिला एक पुस्तक वाचायला सांगितले. जे. आर. आर. टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’, 1937 साली प्रसिद्ध झालेले. मुलांसाठी लिहिलेले आहे, तरी शिकवणाऱ्याला कथेतून कधी आणि कसे बाहेर काढावे, हे पाहायला इतकी स्वच्छ जागा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बिल्बो हा घरकोंबडा, खाण्यापिण्याचा शौकीन, ठेंगणा गृहस्थ. गँडाल्फ नावाचा म्हातारा जादूगार त्याला तेरा बुटक्यांच्या टोळीबरोबर एका मोहिमेवर पाठवतो. एका ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायचा आहे. पुस्तकात एकोणीस प्रकरणे आहेत. पहिल्या सात प्रकरणांत संकट आले की गँडाल्फ धावून येतो. राक्षसांच्या तावडीतून तो सोडवतो, डोंगराखालच्या भुयारातून तोच बाहेर काढतो, लांडग्यांनी झाडाखाली घेरले तेव्हा पेटती फळे फेकून तोच त्यांना थोपवून धरतो. वाचकालाही सवय लागते. अडले की म्हातारा येणार.

सातवे प्रकरण संपते एका घनदाट, काळोख्या जंगलाच्या तोंडाशी, आणि तिथून गँडाल्फ परत फिरतो. भांडण नाही, आजार नाही, मृत्यू नाही. दक्षिणेकडे त्याचे स्वतःचे तातडीचे काम आहे, आणि ते त्याने आधीच सांगून ठेवलेले आहे. जाताना एकच गोष्ट बजावतो, वाट सोडू नका. आठव्या प्रकरणात ही मंडळी वाट सोडतातच. भुकेने हैराण झालेले असतात, झाडीत दूरवर दिवे दिसतात, कोण थांबणार? मग अंधारात सगळे पांगतात. बिल्बोला जाग येते तेव्हा एक प्रचंड कोळी त्याच्या पायांना जाळे गुंडाळत असतो. त्याच्याजवळ एक छोटी तलवार असते. राक्षसांच्या गुहेत मिळालेली ती तलवार तो इतके दिवस नुसती कमरेला बाळगत होता. त्या रात्री तो एकटा ती चालवतो, कोळ्याला मारतो आणि तलवारीला नाव देतो. मग जाळ्यात लटकलेल्या बारा जणांना सोडवतो. त्या दिवसापासून टोळी ‘आता काय करायचे?’ हे बिल्बोला विचारू लागते.

जागा कुठली निवडली आहे बघा. गँडाल्फ जंगलाच्या मध्यावर गेला असता, तर संकटात सोडून पळाला, असे वाचकाने म्हटले असते. जंगल ओलांडून गेला असता, तर कोळ्यांना त्यानेच पळवले असते आणि बिल्बोची तलवार कमरेलाच राहिली असती. तो उंबरठ्यावर थांबतो.

गंमत अशी की गँडाल्फचे ते ‘दुसरे काम’ काय होते, याबद्दल पुस्तकात फार थोडे सांगितले आहे. दक्षिणेकडच्या एका दुष्ट मांत्रिकाचा उल्लेख येतो, इतकेच. टॉल्किन यांनी पुढे 1964 सालच्या एका पत्रात मोकळेपणाने कबूल केले, की त्या मांत्रिकाचे मूळ काम जवळजवळ एवढेच होते, गँडाल्फला जायला कारण पुरवणे. बिल्बो आणि बुटक्यांना स्वतःच्या बळावर सोडणे ही कथेची गरज होती. म्हणजे लेखकाने आधी ठरवले, म्हाताऱ्याने इथे जायचे. कारण नंतर शोधले. पण शोधलेले कारण म्हाताऱ्याला शोभणारे होते. त्याला स्वतःचे आयुष्य आहे, स्वतःची लढाई आहे. तो केवळ बिल्बोला शिकवण्यासाठी जन्माला आलेला नाही.

कधीकधी लेखकाला हे फार उशिरा कळते. 1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात वृद्ध गुरू ओबी-वान मध्येच मारला जातो. मूळ पटकथेत तो जिवंत राहणार होता. पण त्या झुंजीनंतर शेवटच्या लढाईत या म्हाताऱ्याला कामच उरत नाही, तो नुसता बाजूला उभा राहणार, हे दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी तो भाग बदलला. भूमिका करणारे अॅलेक गिनेस त्यावर नाराज झाले होते. त्यांची नाराजी समजू शकते. पण ‘याला पुढच्या प्रसंगात काय काम आहे?’ हा प्रश्न आपल्या प्रत्येक शिकवणाऱ्या पात्राबद्दल विचारून पाहावा. उत्तर ‘धीर देणे’ किंवा ‘कौतुकाने बघणे’ असे आले, तर त्याची निघायची वेळ होऊन गेलेली आहे.

आता पुन्हा नसीमकडे. ‘हॉबिट’ वाचून झाल्यावर लेखिकेचा फोन आला. ‘खालांचे स्वतःचे काम कोणते असेल?’ मी काही सुचवायच्या आधी तिनेच सांगितले, ‘त्या हजला जातील.’

मला हे फार पटले. आपल्या घरांत हजला निघणारे माणूस कसे निघते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. महिनोन्‌महिने आधी ठरलेले असते. उधारी फेडली जाते, लोकांच्या अमानती परत केल्या जातात, घरोघरी जाऊन कहा-सुना माफ करून घेतले जाते. चाळीसेक दिवसांनी माणूस परतते. खालांना घालवण्यासाठी ना आजार लागला, ना ट्रक. शिवाय त्यांच्या मनात किती वर्षांपासून ही ओढ होती, शिवणकामाच्या पैशांतून त्या कशा थोडे थोडे बाजूला टाकत होत्या, हेही कथेत आपोआप आले. पहिल्या खर्ड्यात खाला म्हणजे नुसता चष्मा आणि टेप होत्या. आता त्या माणूस झाल्या.

मग नेमके कोणत्या दिवशी निघायचे? इथे आम्ही बरेच अडलो. लेखिकेने लिहिले होते की मखमल येते, खाला ती पाहतात, ‘तू कर’ म्हणतात आणि निघतात. ऐकायला चांगले वाटते. पण विचार करा. न मिळणारे कापड, लग्न तोंडावर, आणि कधीच कैची न धरलेली मुलगी. जुबेदाखालांसारखी जबाबदार बाई असे करणार नाही. केलेच तर तो शागिर्दाची परीक्षा घेण्याचा हट्ट ठरेल, आणि वाचकाला त्या आवडेनाशा होतील. म्हणून आम्ही क्रम बदलला. माप घेऊन, शब्द देऊन खाला निश्चिंत आहेत, कारण कापड साधे साटन असणार असे ठरले आहे आणि तशा साटनचे कुर्ते त्यांनी जाण्यापूर्वी नसीमकडून दोनदा कापून घेतले आहेत. त्या गेल्यावर आठ दिवसांनी मामांचे पार्सल येते, त्यात मखमल निघते. त्या ज्या परीक्षेची तयारी करून घेऊन गेल्या, तिच्याहून एक पायरी अवघड प्रश्न समोर येतो.

ते दोन साटनचे कुर्ते महत्त्वाचे आहेत. टॉल्किननेही बिल्बोला एकदम जंगलात ढकललेले नाही. पाचव्या प्रकरणात तो भुयारात काही काळ एकटाच हरवतो. कोड्यांच्या डावात जीव वाचवतो आणि तिथेच त्याला एक अंगठी सापडते, जिची गोष्ट तो गँडाल्फपासूनही लपवतो. छोटी गैरहजेरी आधी घडली की मोठी गैरहजेरी खोटी वाटत नाही.

आता मखमल. शिवणाऱ्या बहिणींना ठाऊकच आहे, ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. मखमलीला लव असते आणि ती एका बाजूला झुकलेली असते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलट्या दिशेने फिरवला तर खरखरीत. लव वरच्या दिशेने असेल तर रंग गर्द दिसतो, खालच्या दिशेने असेल तर फिकट आणि चकचकीत. त्यामुळे कुर्त्याचे सगळे भाग, पुढचे, मागचे, बाह्या, एकाच दिशेने कापावे लागतात. साध्या कापडावर बाही उलटी ठेवून जागा वाचवता येते. मखमलीवर तसे केले तर एक बाही दुसऱ्या रंगाची दिसेल, आणि ती चूक शिवून झाल्यावर, उजेडात उभे राहिल्यावर कळेल.

लेखिकेच्या पहिल्या खर्ड्यात ही गोष्ट खाला तोंडाने सांगत होत्या. मी म्हटले, हीच गोष्ट आधी पेरून ठेवा, पण समजावू नका. तिने ती फार छान पेरली. खाला कुठलेही कापड कापण्यापूर्वी डोळे मिटून त्यावर वरून खाली आणि खालून वर हात फिरवतात. नसीमला वाटते, त्या मनातल्या मनात काही दुआ करत असाव्यात. तीही बिस्मिल्लाह म्हणून तसाच हात फिरवू लागते, कारण खाला फिरवतात म्हणून. साटनच्या दोन्ही कुर्त्यांच्या वेळीही तिने तो फिरवला आहे आणि हाताला काहीच कळलेले नाही. बिल्बोच्या कमरेची तलवार ती हीच.

त्या रात्री नसीम मखमल जमिनीवर पसरते. नेहमीसारखी आखणी करते, एक बाही उलटी ठेवते, कापड बरोबर पुरते. कैची घेते, सवयीने हात फिरवते, आणि पहिल्यांदाच हात अडखळतो. ती पुन्हा फिरवते. दिवा हलवून बघते. मग खडू पुसून सगळे तुकडे एका दिशेने मांडते, आणि कापड वीतभर कमी पडते.

इथे लेखिका थांबली होती. तिला वाटत होते, लव ओळखली म्हणजे नसीम जिंकली. माझे मत वेगळे पडले. लव ओळखणे ही खालांचीच शिकवण. ती नसीमला फक्त चुकीपासून वाचवते. वाढ होते ती पुढच्या क्षणी, कारण कापड कमी पडल्यावर काय करायचे हे खालांनी कधी शिकवलेलेच नाही. गँडाल्फचा ‘वाट सोडू नका’ हा सल्ला मोडल्यावर बिल्बोपाशी त्याचा दुसरा सल्ला उरलेला नव्हता, तसेच हे.

नसीमने काय केले, हे लेखिकेने आपल्या आईला विचारून लिहिले, आणि ते शिवणाऱ्याला पटण्यासारखे आहे. पुढून उघड्या कुर्त्याला आतून दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत रुंद पट्टी लागते. खाला ती नेहमी त्याच कापडाची लावतात, तो त्यांचा नियम आहे. नसीम त्या पट्ट्या मखमलीतून कापायच्याच नाहीत असे ठरवते आणि त्याच रंगाच्या साटनच्या कापते. मखमल वाचते, कुर्ता पूर्ण निघतो, वर काठही जाड होत नाही. तिने खालांचा नियम मोडलेला आहे, आणि खाला तिथे असत्या तर तो मोडला नसता.

राहिला मोबाईल. टॉल्किनला ही अडचण नव्हती. एल्फांच्या राजवाड्यात लपून राहिलेल्या बिल्बोला गँडाल्फला निरोप धाडावासा वाटतो, पण ते शक्यच नाही, जे करायचे ते आपल्यालाच, हे त्याला उमगते. आज मक्केला फोन लागतो. आपल्याकडे रात्रीचे अकरा, तेव्हा तिथे साडेआठ वाजलेले असतात. लेखिकेने आधी नेटवर्क घालवले, मग फोनची बॅटरी संपवली. दोन्ही मी खोडले. वाचकाला अशी लबाडी लगेच कळते, आणि नाइलाजाने एकटे पडलेले पात्र नुसते अडकलेले असते.

शेवटी तिने असे लिहिले. फोन चालू आहे. खालांचा नंबर समोर आहे. नसीमला आठवते, मगरीबनंतरच खालांचा फोन आला होता, आवाज थकलेला होता तरी आनंदाने भरून आला होता. पहिल्यांदा काबा नजरेस पडला तेव्हाची हकीगत त्या सांगत होत्या. मखमलीचा विषय नसीमने काढला नव्हता. आताही ती फोन उशीखाली सरकवते आणि कैची उचलते. फोन करायचा नाही, हे ती स्वतः ठरवते. माझ्या मते या कथेतली सगळ्यात चांगली ओळ हीच आहे, आणि ती माझ्या सल्ल्याने आलेली नाही.

खाला परत येतात, हे खरे. पण कधी? ‘हॉबिट’मध्ये गँडाल्फ सोळाव्या प्रकरणात पुन्हा दिसतो. त्या रात्री बिल्बोने सगळ्यात अवघड निर्णय घेतलेला असतो. युद्ध टळावे म्हणून खजिन्यातले सर्वांत मौल्यवान रत्न तो स्वतःच्या मित्रांना न सांगता समोरच्या पक्षाच्या हाती देऊन येतो. ते देऊन झाल्यावर, छावणीतून बाहेर पडताना, अंगाभोवती झगा लपेटलेला एक म्हातारा उठून त्याला शाबासकी देतो. दहा मिनिटे आधी तो भेटला असता तर निर्णय दोघांचा झाला असता.

म्हणून खाला परतल्या तेव्हा लग्न होऊन गेले आहे. कुर्ता सासरी गेला आहे. त्यांना तपासायला काही उरलेले नाही, फक्त चिंध्यांच्या टोपलीत डाळिंबी साटनचा एक तुकडा आहे. त्या आबे-जमजम आणि खजूर वाटतात, मग सवयीने टोपली चाळतात आणि तुकडा उचलून विचारतात, ‘ही पट्टी साटनची का लावलीस?’ दोन वर्षे नसीम विचारत आली आणि खाला सांगत आल्या. आज खाला विचारतात.

यापुढे लेखिकेने खालांच्या तोंडी आठ ओळींचे कौतुक घातले आहे. ते काढा, असे मी कळवले आहे. तिचे उत्तर आले, ‘एवढ्या दिवसांनी आलेल्या बाईला दोन शब्द तरी बोलू द्या.’ आमचे सध्या दोन ओळींवर घासाघीस चालू आहे. कथा पुढच्या अंकात छापायची ठरली आहे.